बुकिंग डेस्कची नोकरी: गोव्यातल्या बी.ए., बी.कॉम.वाल्यांसाठी हॉटेलांच्या मागच्या खोलीतलं काम

प्रश्न: मी डिचोलीची. बी.कॉम. होऊन वर्ष झालं, चुलतबहीण बी.ए. आहे. ऑपरेशन्स, कंटेंट, कस्टमर सपोर्ट अशा जाहिराती दिसतात. उघडून बघितल्या की कुठे इंजिनिअरिंगची डिग्री, कुठे हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा मागतात. आम्हा दोघींना जमेल असं काम गोव्यात नेमकं कुठलं आणि त्याची तयारी कशी करायची?

उत्तर: सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सपोर्ट डेस्कला बहुधा तांत्रिक पदवी मागतात, कारण तिथे ग्राहकाचा प्रश्नच सॉफ्टवेअरचा असतो. तो रस्ता तूर्त सोडून द्या. गोव्यात तुम्हा दोघींना जवळचा रस्ता आहे तो हॉटेलं आणि व्हिलांच्या बुकिंग डेस्कचा. रिसेप्शनवर जो माणूस पाहुण्यासमोर उभा असतो, त्याच्याकडे मोठी हॉटेलं डिप्लोमा मागतात हे खरं. पण बुकिंग कुठून आलं, दर कोणी टाकला, पाहुण्याच्या मेसेजला उत्तर कोणी दिलं आणि शेवटी पैसे पूर्ण जमा झाले का, हे सगळं मागच्या खोलीत चालतं. तिथे नीट वाचणारा, नीट लिहिणारा आणि आकड्यात न चुकणारा माणूस हवा असतो. व्हिला सांभाळणाऱ्या कंपन्यांत तर ही खोली कळंगुट-कांदोळीच्या मालमत्तेजवळ नसतेही, पणजीत किंवा म्हापशातल्या एखाद्या इमारतीत असते.

जाहिरातीत ‘ऑपरेशन्स’ हा शब्द शोधत बसलात तर गोदाम, कारखाना, डिलिव्हरी असं सगळं एकत्र येईल. शोधायची पदनावं वेगळी आहेत: रिझर्व्हेशन एक्झिक्युटिव्ह, ओटीए एक्झिक्युटिव्ह, गेस्ट एक्स्पीरियन्स असोसिएट, इनकम ऑडिटर, नाइट ऑडिटर, लिस्टिंग किंवा कंटेंट एक्झिक्युटिव्ह. ओटीए म्हणजे बुकिंग घेणाऱ्या मोठ्या वेबसाइटी आणि ॲप. हॉटेलवाले त्यांना रोजच्या बोलण्यात ‘चॅनेल’ म्हणतात. इनकम ऑडिटर आणि नाइट ऑडिटर जमा पैशांचा हिशोब तपासतात. सर्चमध्ये `reservation executive goa` किंवा `income auditor hotel goa` असं टाकून बघा, याद्या एकदम बदलतील. आणि जाहिरातीत ‘हॉटेल मॅनेजमेंटला प्राधान्य’ असं लिहिलं असेल तर ते प्राधान्य असतं, अट नसते. अर्ज करा.

या डेस्कवर काय काय असतं याची लांब यादी देण्यापेक्षा दोन गोष्टी सविस्तर सांगतो. तारखा आणि पैसे. बहुतेक गोंधळ या दोन ठिकाणी होतात आणि मुलाखतीतले प्रश्नही इथूनच येतात.

आधी तारखा. समजा पाहुण्याचा मेसेज आला: ‘आमचं विमान १४ तारखेला पहाटे दीडला उतरतंय, १४ पासून तीन रात्रींचं बुकिंग आहे, आल्याबरोबर खोली मिळेल ना?’ नवखा माणूस ‘हो, स्वागत आहे’ असं लिहून मोकळा होतो. पण हॉटेलच्या हिशोबात १४ तारखेचा चेक-इन म्हणजे १४ला दुपारी दोन वाजता. पहाटे तीनला खोली हवी असेल तर ती १३ तारखेची रात्र झाली, आणि त्या रात्री ती खोली दुसऱ्या कोणाला तरी विकलेली असू शकते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असं कुटुंब, दोन लहान मुलं आणि बॅगा घेऊन पहाटे रिसेप्शनसमोर उभं राहतं आणि चूक निघते ती मागच्या खोलीत चार दिवसांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीत.

याची उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची. विमान १५ तारखेला पहाटे दीडला उतरतंय आणि बुकिंग १४ पासून आहे, तर तारखा बरोबर आहेत. पण रात्रीचा नाइट ऑडिट झाला की हॉटेलच्या सिस्टीममधला ‘१४ तारीख’ हा दिवस बंद होतो. तोवर पाहुणा आला नसेल आणि उशिरा येणार अशी नोंद कोणी केली नसेल, तर त्याला ‘नो-शो’, म्हणजे आलाच नाही, असं लावून खोली सोडून दिली जाते. पाहुणा बिचारा तासाभरात दारात हजर. म्हणून विमानाची वेळ रात्री बारा ते सकाळी आठच्या मधली दिसली की लिहिण्याआधी कागदावर दोन प्रश्न सोडवायचे: ही कुठली रात्र, आणि ती रात्र बुकिंगमध्ये आहे का? नसेल तर १३ तारखेची रात्र रिकामी आहे का, तिचा दर किती, हे बघून मगच उत्तर.

गोव्यात याला आणखी एक फाटा आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू आहे, त्यामुळे पाहुणा ‘गोवा एअरपोर्ट’ म्हणतो तेव्हा काहीच कळत नाही. तिकिटावर `GOI` असेल तर दाबोळी, `GOX` असेल तर मोपा. काणकोणच्या रिसॉर्टला जाणारा पाहुणा मोपाला उतरणार असेल आणि टॅक्सी दाबोळीला उभी असेल, तर चूक लक्षात आल्यावर दुसरी गाडी पोचेपर्यंत रात्र संपते. टॅक्सीची विनंती आली की विमानाचा नंबर आणि हा तीन अक्षरी कोड विचारल्याशिवाय गाडी सांगायची नाही, असा नियमच करून टाका.

आता उत्तर लिहायचं कसं. पाहुण्याला पाठवायचं उत्तर बहुधा इंग्रजीत असतं आणि इथेच मराठी माध्यमातून शिकलेली मुलं घाबरतात. या कामाला अलंकारिक इंग्रजी लागत नाही, छोटी आणि बिनचूक वाक्यं लागतात. वरच्या पहिल्या पाहुण्याला चार वाक्यांचं उत्तर पुरतं. पहिल्या वाक्यात थेट उत्तर: तुमचं बुकिंग १४ तारखेच्या दुपारी दोनपासून आहे, त्यामुळे पहाटे खोली मिळणार नाही. दुसऱ्यात पर्याय: १३ तारखेची रात्र जोडली तर आल्याबरोबर खोली मिळेल, तिचा दर इतका, कर धरून इतका. तिसऱ्यात दुसरा पर्याय: रात्र जोडायची नसेल तर बॅगा ठेवता येतील आणि आंघोळीची सोय अमुक ठिकाणी आहे, अर्थात ती खरोखर असेल तरच. चौथ्यात मुदत: ही खोली आज संध्याकाळी सहापर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवतो, तोवर कळवा. सुरुवातीला दोन ओळी आभार आणि शेवटी दोन ओळी ‘आपल्या सेवेत आनंद’ अशी भर घातली की मधलं उत्तर वाचलं जात नाही. पाहुणा फोनच्या पडद्यावर पहिल्या दोन ओळीच बघतो.

‘प्रयत्न करू’ हे शब्द मात्र टाळा. पाहुणा ते ‘हो’ असंच वाचतो, आणि तक्रार झाली की तोच स्क्रीनशॉट पुढे करतो.

तुमचं मराठी इथे ओझं नाही. पुण्या-मुंबईचा, कोल्हापूर-बेळगावचा पाहुणा फोनवर मराठीत बोलू लागला की अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात. बायोडेटात भाषा लिहिताना मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी अशा चारही लिहा आणि प्रत्येकीपुढे बोलता येते की लिहिताही येते हे सांगा.

आता पैसे. हा भाग कॉमर्सवाल्यांचा हुकमी एक्का आहे. अनेक छोट्या हॉटेलांत तो कोणी नीट करत नाही, म्हणून येणाऱ्याला लगेच किंमत मिळते. चॅनेलवरून बुकिंग झालं की पैसे दोनपैकी एका रीतीने येतात. पाहुणा हॉटेलातच पैसे देतो आणि चॅनेल नंतर कमिशनचं बिल पाठवतं, किंवा पाहुणा चॅनेलला पैसे देतो आणि चॅनेल आपलं कापून उरलेले हॉटेलच्या खात्यात टाकतं. दुसऱ्या रीतीत खात्यात एकदम एक मोठी रक्कम येते आणि तिच्यात वीस-पंचवीस बुकिंगं मिसळलेली असतात. त्यातलं प्रत्येक बुकिंग वेगळं काढून ‘यायला हवे होते तितके आले का’ हे बघणं म्हणजे पेआउट रिकन्सिलिएशन.

एक बुकिंग पूर्ण सोडवून दाखवतो. खोलीचा दर ₹४,०००, तीन रात्री, म्हणजे ₹१२,०००. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर रोज ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, म्हणून ₹६०० कर. पाहुण्याने भरले ₹१२,६००. करारात कमिशन १८ टक्के आहे असं धरू. हा दर प्रत्येक हॉटेलचा वेगळा असतो, तो करारातूनच घ्यायचा. कमिशन झालं ₹२,१६०. कमिशन ही चॅनेलने दिलेली सेवा, म्हणून तिच्यावर १८ टक्के जीएसटी, ₹३८८.८०. शिवाय चॅनेल हॉटेलच्या नावाने दोन छोट्या रकमा सरकारकडे भरतं: जीएसटीतला टीसीएस ०.५ टक्का म्हणजे ₹६०, आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का म्हणजे ₹१२. सगळं वजा केलं की खात्यात यायला हवेत ₹९,९७९.२०.

टीसीएस आणि टीडीएस हे खर्च नाहीत. ते हॉटेलला पुढे कराच्या हिशोबात परत मिळतात. म्हणून त्यांना कमिशनच्या रकान्यात ढकलायचं नाही. मुलाखतीत हा एक फरक नीट सांगितलात तर समोरच्या अकाउंट्सवाल्याचा चेहरा बदलतो.

आता समजा ₹९,९७९.२० ऐवजी ₹६,६५२.८० आले. घाईने चॅनेलला तक्रार करू नका. आलेल्या रकमेला अपेक्षित रकमेने भागा. उत्तर ०.६६७, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. तीनपैकी एक रात्र गेली आहे: पाहुण्याने ॲपवर तारीख बदलली, चॅनेलने दोन रात्रींचे पैसे दिले आणि हॉटेलच्या सिस्टीममध्ये बदल पोचला नाही. भागाकार नेमका ०.९० आला तर कुठलीतरी १० टक्क्यांची सवलत चालू राहिली आहे. बहुतेकदा ती पावसाळ्यात कोणीतरी लावलेली असते आणि सीझन सुरू झाल्यावर काढायची राहून जाते. आणि फरक ₹२८३.२० इतकाच असेल तर तो २ टक्के जादा कमिशन अधिक त्यावरचा जीएसटी: ₹२४० आणि ₹४३.२०. यादीत वर दिसण्यासाठी काही चॅनेल जादा कमिशनची योजना देतात. ती कोणीतरी ‘हो’ म्हणून चालू केली आणि अकाउंट्सला सांगितलं नाही, असा हा प्रकार असतो. फरक किती यापेक्षा फरकाचा आकार कसा आहे हे बघायची सवय लावा, कारण सापडतं.

हे काम एक्सेलमध्ये होतं आणि तिथे एक सापळा ठरलेला आहे. तुम्ही हॉटेलच्या यादीतला बुकिंग नंबर चॅनेलच्या यादीत शोधायला `VLOOKUP` लावता, आणि नंबर डोळ्यांना दिसत असतानाही `#N/A` येतं. कारण एका यादीत तो नंबर आकडा म्हणून साठवलाय, दुसरीत अक्षरं म्हणून. अक्षरं असलेला नंबर चौकटीत सहसा डावीकडे चिकटलेला दिसतो, आकडा उजवीकडे. त्यावर हा उपाय जास्त चांगला:

```
=SUMIF(Payout!A:A,A2,Payout!F:F)
```

इथे `Payout` हे चॅनेलच्या फाइलचं पान, `A` स्तंभात बुकिंग नंबर, `F` मध्ये जमा रक्कम. `SUMIF` आकडा आणि अक्षरं असा भेद करत नाही, त्यामुळे वरचा सापळा टळतो. दुसरा फायदा त्याहून मोठा. एकाच बुकिंगच्या चॅनेलच्या फाइलमध्ये कधी दोन ओळी असतात, आधी पूर्ण रक्कम आणि नंतर वजा केलेली दुरुस्ती. `VLOOKUP` फक्त पहिली ओळ उचलतं आणि पैसे पूर्ण आल्यासारखे दाखवतं. `SUMIF` दोन्हींची बेरीज करतं. मर्यादा एकच: एक्सेल १५ अंकांपुढचे अंक धरत नाही, तिथे शून्य टाकतं. नंबर त्याहून लांब असेल तर फाइल उघडतानाच तो स्तंभ टेक्स्ट म्हणून घ्या. पण `SUMIF` टेक्स्टमधलेही पहिले १५ अंकच जुळवतं आणि ते सारखे असलेली बुकिंगं एकत्र मोजतं, म्हणून असे नंबर शेवटच्या अंकापर्यंत स्वतः ताडून बघा. आणि उत्तर शून्य आलं म्हणजे पैसे बुडाले असं नाही. ते बुकिंग ‘हॉटेलात पैसे द्या’ प्रकारचं असू शकतं, तो स्तंभ आधी बघायचा.

तारखा आणि पैसे यांच्या मधला एक दुवा थोडक्यात सांगतो, कारण त्याचं नाव मुलाखतीत येईल: चॅनेल मॅनेजर. एका जागी दर आणि खोल्यांची संख्या भरली की ती सगळ्या चॅनेलवर पाठवणारं सॉफ्टवेअर. ते शिकायला पदवी नको, चार दिवस पुरतात. पण त्यातली जोडणी चुकली तर नुकसान मोठं होतं. ‘सीपी’ म्हणजे नाश्त्यासकट दर आणि ‘ईपी’ म्हणजे नुसती खोली. ‘एमएपी’त नाश्ता आणि एक जेवण, ‘एपी’त सगळी जेवणं. ‘सीपी’चा दर चुकून ‘एपी’ला जोडला की पाहुणा तीन वेळा जेवतो आणि पैसे नाश्त्याचेच येतात. म्हणून दर बदलल्यावर काम संपत नाही. चॅनेलची वेबसाइट साध्या पाहुण्यासारखी उघडून, त्या तारखा टाकून, डोळ्यांनी दर वाचायचा. हे न केल्यामुळे ३१ डिसेंबरची खोली जूनच्या दराने विकली गेल्याचं प्रत्येक जुन्या डेस्कवाल्याला ठाऊक असतं.

तुमच्या बहिणीसाठी या खोलीत दुसरं टेबल आहे, लिस्टिंग कंटेंटचं. कंटेंट म्हटलं की लोक ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं’ असं काहीतरी लिहायला बसतात. व्हिलाच्या पानावर त्याचा उपयोग नाही. पाहुणा पाच-सहा पानं उघडून तुलना करतो आणि त्याला तथ्यं हवी असतात. समुद्रापासून ‘५ मिनिटं’ हे वाक्य गोव्यातल्या तक्रारींचं माहेरघर आहे: गाडीने पाच की चालत पाच, आणि वाटेत पावसात बुडणारी पायवाट आहे का? त्याऐवजी ‘चालत ६५० मीटर, शेवटचा टप्पा कच्चा रस्ता’ असं लिहिलं की बुकिंग एखादं कमी होईल, पण आलेला पाहुणा भांडणार नाही.

अशा पानासाठी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत, पण उत्तरं मालमत्तेवर जाऊनच मिळतात. वीज गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालतो की फक्त पंखे आणि दिवे? पूल स्वतंत्र आहे की चार व्हिलांत मिळून? पहिल्या मजल्याला लिफ्ट आहे का, नसेल तर पायऱ्या किती? स्वयंपाकघरात गॅस आहे की नुसता मायक्रोवेव्ह? गाडी आत लागते की रस्त्यावर? रात्री १० ते सकाळी ६ बाहेर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे आवाजाच्या नियमांत आहेच. पार्टीसाठी येणाऱ्या गटाला ते बुकिंगआधी वाचायला मिळालं पाहिजे, पोलीस आल्यावर नव्हे. फोटोंचंही तसंच. ज्या खोलीचं पान आहे त्याच खोलीचा फोटो तिथे हवा. वरच्या मजल्यावरून काढलेला समुद्राचा फोटो तळमजल्याच्या खोलीच्या पानावर चढला की पैसे परत मागायला कारण तयार.

आता तयारी. प्रमाणपत्रांच्या मागे लागू नका. या डेस्कला कामाचा नमुना दिसला की पुरतं, आणि तो घरी बसून तीन आठवड्यांत होतो.

तुम्ही तीस काल्पनिक बुकिंगांची एक एक्सेल फाइल करा. पहिल्या पानावर हॉटेलची नोंद, दुसऱ्यावर चॅनेलने दिलेली रक्कम, तिसऱ्यावर अपेक्षित, आलेली आणि फरक. त्यात मुद्दाम पाच चुका पेरा: कमी झालेली रात्र, न काढलेली सवलत, जादा कमिशन, दोन ओळींत आलेलं बुकिंग, आणि हॉटेलात पैसे दिलेलं. प्रत्येक फरकापुढे एका ओळीत कारण आणि पुढची कृती. खऱ्या हॉटेलची माहिती कुठेही वापरू नका. पाहुण्यांची नावं-नंबर असलेली फाइल दाखवणारा उमेदवार तिथेच बाद होतो, आणि व्हायलाच हवा.

बहिणीने एखाद्या ओळखीच्या घरगुती होमस्टेला जायचं, मालकाची परवानगी घेऊन मीटर, पायऱ्या, वीज, पार्किंग हे सगळं स्वतः तपासायचं आणि इंग्रजीत २५० ते ३०० शब्दांचं पान लिहायचं. सोबत त्या परिसरातल्या तशाच जागांचे जाहीर दिसणारे तीस रिव्ह्यू वाचून तक्रारी तीन रकान्यांत वाटायच्या: पानावर लिहिलं असतं तर टळली असती, कर्मचाऱ्यांमुळे झाली, मालकाने पैसे खर्च केल्याशिवाय सुटणार नाही. पहिला रकाना म्हणजे तिचं काम. मुलाखतीत तो एक कागद समोर ठेवला की पुढचं बोलणं त्याच्यावरच चालतं.

दोघींनी मिळून पाहुण्यांच्या दहा मेसेजची उत्तरं लिहून ठेवा. उशिरा येणारा, पैसे परत मागणारा, एसी बंद पडलेला, टॅक्सी हवी असलेला, पाच जणांच्या खोलीत आठ जण आणू बघणारा, असे दहा. प्रत्येक उत्तर सहा ओळींच्या आत. अनेक ठिकाणी मुलाखतीची चाचणी हीच असते: एक चिडलेला मेसेज देतात आणि पंधरा-वीस मिनिटांत उत्तर लिहायला सांगतात. बाद होणारे बहुतेक जण इंग्रजीमुळे बाद होत नाहीत, मेसेजमधल्या तीन प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर दिल्यामुळे होतात. लिहिण्याआधी प्रश्नांखाली पेन्सिलीने रेघ मारा.

अर्जाची वेळ चुकवू नका. सीझन ऑक्टोबरपासून भरतो, म्हणून माणसं त्याआधी घेऊन शिकवायची असतात. जुलैअखेरपासून चवथीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. डिसेंबरात अर्ज केला तर वाचायला कोणाला वेळ नसतो. नोकरीच्या वेबसाइटींपेक्षा हॉटेलच्या किंवा व्हिला कंपनीच्या रिझर्व्हेशनच्या ईमेलवर सरळ लिहिणं जास्त लागू पडतं, कारण तो ईमेल उघडणारा माणूस त्याच डेस्कवर बसलेला असतो. विषयात पदाचं नाव, मजकूर पाच ओळींचा, सोबत बायोडेटा आणि नमुन्याची फाइल.

ऑफर आली की आकडा नीट वाचा. समजा ‘सीटीसी महिना ₹२०,०२५’ लिहिलंय. त्यात एकूण पगार ₹१८,०००, मूळ पगार ₹१२,०००. मालकाचा पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, ₹१,४४०, आणि मालकाचा ईएसआय ३.२५ टक्के, ₹५८५, हे दोन्ही सीटीसीत मोजलेत. तुमच्या पगारातून तुमचा पीएफ ₹१,४४० आणि ईएसआय ०.७५ टक्के, ₹१३५ जाणार. हातात ₹१६,४२५. पीएफ तुमचाच आहे, पण पणजीत खोली घ्यायची की डिचोलीहून रोज जायचं हे या शेवटच्या आकड्यावर ठरतं. म्हणून पाळी कुठली, हे पगाराइतकंच महत्त्वाचं. हे डेस्क सातही दिवस चालतं आणि चॅटची दुसरी पाळी रात्री दहा-अकरापर्यंत जाऊ शकते. डिचोलीची शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी स्टँडवर विचारून घ्या, आणि कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते की नुसती मुख्य रस्त्यापर्यंत, हे ऑफरच्या पत्रात लिहून मागा. तोंडी ‘सोय होते’ यावर विसंबू नका. सीझनपुरती नेमणूक आहे की कायम, मे महिन्यानंतर काय, हेही तेव्हाच विचारा.

दोन ठिकाणी पाऊलही ठेवू नका. एक, ‘इंटरनॅशनल कस्टमर सपोर्ट, शिक्षणाची अट नाही, रात्रपाळी, भरपूर इन्सेंटिव्ह’ असं सांगून एखाद्या भाड्याच्या बंगल्यात बोलावणाऱ्या जागा. परदेशातल्या लोकांना बँकेच्या किंवा कंपनीच्या नावाने फसवणारी बनावट कॉल सेंटरं गोव्यात पोलिसांनी पकडलेली आहेत, आणि अशा छाप्यात फोनवर बसलेली पगारी मुलंही अटक होतात. कंपनीचं नाव, जीएसटी नंबर आणि ती नेमकं कोणाचं काम करते हे तीन प्रश्न विचारा. उत्तर फिरवाफिरवीचं आलं की उठा. दुसरं, घरबसल्या हॉटेलांना रेटिंग देऊन पैसे मिळवा, असा मेसेज. पहिले काही रुपये खरे येतात, मग ‘मोठ्या टास्कसाठी’ आधी पैसे भरायला सांगतात आणि ते परत येत नाहीत. खरं हॉटेल कोणाला रेटिंग द्यायला पगार देत नाही आणि नोकरीसाठी लॅपटॉपची अनामत मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते, त्यामुळे इथे तासातासाचा फरक पडतो.

तुमच्या बाबतीत मी अर्ज इनकम ऑडिट आणि रिझर्व्हेशन या दोन्हींना करायला सांगेन, पण पहिली पसंती रिझर्व्हेशनला. इनकम ऑडिटमध्ये तुम्ही चूक झाल्यावर ती शोधता, रिझर्व्हेशनमध्ये ती कशी होते ते बघता, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या टेबलावर जाणं त्याच बाजूने सोपं असतं. बहिणीने मात्र लिस्टिंगपासूनच सुरुवात करावी आणि आठवड्यातले दोन दिवस पाहुण्यांच्या मेसेजवर बसायला मागावं. पानावर काय लिहायचं राहिलंय ते तिथे येणारे प्रश्नच सांगतात.